कँटीनमध्ये एफडी आणि म्युच्युअल फंड मोठ्याने वाचून दाखवले: सुरुवात कोणत्या वर्षापासून करावी?

सातपूरचा_हिशेबनीस

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी अकाउंट्स बघतो. बोनस जमा झाला की फ्लोअरवरची मुलं ऑफिसच्या दारात येऊन एकच विचारतात, "साहेब, एफडी करू की फंडात टाकू?" बहुतेकांची ही आयुष्यातली पहिली गुंतवणूक असते. एकेकट्याला उत्तर देत बसण्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकत्र सांगू, असं एचआरशी बोलून ठरवलं.

आमच्याकडे प्रोजेक्टर नाही, आणि असता तरी डबा उघडून बसलेला माणूस पडद्यावरचे आकडे वाचत नाही. म्हणून आकडे मोठ्याने वाचायचं ठरलं. समोर दोन खुर्च्या ठेवल्या. मी झालो एफडी, स्टोअरमधले माझे सहकारी झाले फंड. दोघांच्या हातात डिसेंबर 2007 अखेरचे एक-एक लाख. फंड म्हणजे निफ्टी 50 निर्देशांक, लाभांश न धरता. एफडीला सोयीसाठी 8 टक्के दर, तिमाही चक्रवाढीने. एक वर्ष मी वाचायचं, तेच वर्ष त्यांनी वाचायचं, आणि मध्ये थोडं थांबायचं.

2008 अखेर. मी: एक लाख आठ हजार दोनशे. ते: अठ्ठेचाळीस हजार दोनशे.

इथे घास हातातच राहिले. मी विचारलं, आता कोण पैसे काढेल? निम्म्याहून जास्त हात वर. मग पुढे वाचलं.

2009: मी 1,17,200, ते 84,700.
2010: मी 1,26,800, ते 99,900.
2011: मी 1,37,300, ते 75,300.
2012: मी 1,48,600, ते 96,200.
2013: मी 1,60,800, ते 1,02,700.

म्हणजे सहा वर्षं थांबून फंडवाल्याच्या हाती जेमतेम मुद्दल आलं. डाय-कटिंगवरचा एक जण म्हणाला, "मग फंडात जायचंच कशाला?"

म्हणून लगेच दुसरा कागद काढला. त्यात सुरुवात डिसेंबर 2014 अखेरची आणि एफडीला 7 टक्के. पहिल्या वर्षी फंड पुन्हा खालीच, 95,900. पण दहा वर्षांनी, 2024 अखेर, मी दोन लाखांवर आणि फंड 2,85,500 वर. आता तोच मुलगा म्हणाला, "मग एफडी कशाला?" तेवढ्यात भोंगा झाला.

दोन्ही कागदांतले आकडे खरे आहेत. फक्त सुरुवातीचं वर्ष बदललं, तर ऐकणाऱ्याचं मत पूर्ण फिरलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शिफ्टसाठी हेच सत्र घ्यायचंय. सुरुवात कुठून करू? आणि अर्ध्या तासात काय सांगायचं राहून गेलं तर या मुलांचं खरंच नुकसान होईल?

ठेवपावती

सत्राची पद्धत फार आवडली. मी राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवींच्या काउंटरवर वर्षानुवर्षं बसले, त्यामुळे एफडीच्या खुर्चीबद्दल बोलते.

तुम्ही एफडी आठ टक्क्यांनी सरळ चालवलीत, पण प्रत्यक्षात फार थोडे लोक दहा वर्षांची पावती करतात. ते वर्षाची करतात आणि नूतनीकरण करत राहतात. दर वर्षी तो दर बदलतो. 2020-21 मध्ये मोठ्या बँकांचे दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले होते. आठ-नऊ टक्क्यांची पावती संपून साडेपाचची हातात आली तेव्हा काउंटरवर कित्येक निवृत्त लोकांचे चेहरे उतरलेले मी पाहिलेत. एफडीत मुद्दल कमी होत नाही हे खरं, पण पुढच्या पावतीचा दर आज कोणालाच माहीत नसतो, हे त्या खुर्चीवरून सांगायला हवं.

दुसरं, मुलांना पावती वाचायला शिकवा. एक लाख, 7 टक्के, 5 वर्षं असेल तर मुदतीअखेर 1,41,478 मिळतात. काही ठिकाणी हेच 41,478 पाचाने भागून जाहिरातीत "परतावा 8.3 टक्के" असं छापतात. वर्षाला खरं पडतं ते 7.19 टक्के. फंडवाला आपला आकडा चक्रवाढीने सांगतो आणि एफडीचा असा भागाकाराने आला, तर तुलना पहिल्या पायरीलाच चुकते. मुदतीअखेरची रक्कम विचारायची आणि दोन्हीकडे तीच धरायची.

हिंजवडीकर

सॉरी, पण हा सगळा हिशेब एकरकमी पैशांचा आहे. आज कोण एकरकमी टाकतं? एसआयपी करा. एसआयपीत पाच वर्षं थांबलं तर तोटा होतच नाही, कारण बाजार पडला की जास्त युनिट मिळतात. आणि एफडीच्या व्याजावर टॅक्स जातो, हातात चार टक्के उरतात. महागाई त्याहून जास्त. म्हणजे एफडी म्हणजे दर वर्षी थोडं थोडं गरीब होणं. मुलांना 2008 दाखवून घाबरवू नका.

आलेख

हिंजवडीकर, तुमचं पहिलं म्हणणं बरोबर आहे, दुसरं नाही. दोन्ही आकड्यांनी दाखवतो.

हिशेबनीसांचाच काळ घ्या, पण एक लाख एकदम न टाकता दर वर्षअखेरीला दहा हजार टाका. डिसेंबर 2007 पासून डिसेंबर 2012 पर्यंत सहा हप्ते, म्हणजे साठ हजार. डिसेंबर 2013 अखेर निफ्टीत त्याचे होतात सुमारे 78,300. त्याच सहा तारखांना आठ टक्क्यांच्या पावत्या केल्या असत्या तर 79,900. एकरकमीत एफडी तब्बल 58 हजारांनी पुढे होती, हप्त्यांत जवळपास बरोबरी. लाभांश धरला तर फंड किंचित पुढेही जातो. कारण तुम्ही म्हणता तेच. 2008 अखेरच्या दहा हजारांना 2007 च्या दुपटीहून जास्त युनिट मिळाले.

आता "पाच वर्षांत तोटा होतच नाही" हे तपासू. डिसेंबर 2014 ते डिसेंबर 2019, पुन्हा सहा हप्ते, पुन्हा साठ हजार. पहिल्या हप्त्याला पाच वर्षं उलटून गेलीत. 23 मार्च 2020 ला निफ्टी 7,610 वर बंद झाला. त्या दिवशी या साठ हजारांचे सुमारे 48,500 झाले होते. सात टक्क्यांच्या पावत्यांमध्ये तेव्हा 73,000 असते.

असं का झालं? पहिल्या उदाहरणात पडझड सुरुवातीला आली, तेव्हा आत फक्त एक हप्ता होता. दुसऱ्यात ती शेवटी आली, तेव्हा सहाही हप्ते आत होते. पडलेल्या भावात घ्यायला पुढचा एकच हप्ता, आणि पडझडीची झळ मात्र सगळ्या जमा पैशांना. एसआयपी पडझडीपासून वाचवते ती सुरुवातीच्या वर्षांत. जमा रक्कम वाढत गेली की ते संरक्षण पातळ होत जातं. हे कोणतीही जाहिरात सांगत नाही आणि पहिल्यांदा पैसे टाकणाऱ्याला ते कळायलाच हवं.

आणि हीच गोष्ट अर्धी सोडायची नाही. त्याच 48,500 ला हात न लावता डिसेंबर 2020 अखेरपर्यंत थांबला असता तर सुमारे 89,200 झाले असते. पावत्या तेव्हा 77,000 वर. नऊ महिन्यांचा फरक. म्हणून मुलाला मार्चमध्ये पैसे लागणार होते की डिसेंबरमध्ये, यावर सगळं ठरलं.

हिंजवडीकर

ओके, मार्च 2020 चा मुद्दा मान्य. पण ते शंभर वर्षांत एकदा येणारं संकट होतं.

आलेख

2008 आणि 2020 यांच्यात बारा वर्षंच आहेत.

माणदेशी

मी हे सगळं वाचतेय, आणि मला वेगळंच सांगायचंय. माझ्या आईनं आयुष्यभर शिवणकाम करून जमवलेले पैसे गावातल्या एका पतसंस्थेत एफडी म्हणून ठेवले. पावती बँकेसारखीच, पासबुक तसंच, दर बँकेपेक्षा अडीच टक्क्यांनी जास्त. संस्था अडचणीत आली तेव्हा आम्ही निर्धास्त होतो, कारण पाच लाखांचा विमा असतो असं ऐकलं होतं. आजवर हप्त्या-हप्त्यानं थोडेफार मिळालेत, बाकीचे अडकलेत. एफडी सुरक्षित म्हणणाऱ्यांनी आधी आमच्याकडे येऊन बघावं.

ठेवपावती

माणदेशी ताई, वाचून फार वाईट वाटलं. तुमची हकिकत हिशेबनीसांनी सत्रात नाव न घेता नक्की सांगावी, कारण एमआयडीसीतल्या मुलांच्या घरी हेच घडण्याची शक्यता सगळ्यांत जास्त आहे.

पाच लाखांचा विमा डीआयसीजीसी नावाच्या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा असतो, आणि तो फक्त बँकांतल्या ठेवींना. सरकारी, खासगी, नागरी सहकारी, जिल्हा मध्यवर्ती, अशा सगळ्या बँका त्यात येतात. पतसंस्था त्यात येत नाही. ती सहकार निबंधकांच्या अखत्यारीत असते, रिझर्व्ह बँकेच्या नाही. नावात "सहकारी बँक" आहे की "सहकारी पतसंस्था", हे पावतीच्या डोक्यावर छापलेलं असतं. तेवढं वाचलं तरी कळतं. बँकेच्या शाखेत डीआयसीजीसीचं चिन्ह लावलेलं असतं आणि विमा असलेल्या बँकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. कंपनीत कामगारांची क्रेडिट सोसायटी असेल, तर तिथल्या ठेवीलाही हा विमा नाही.

फ्लोअरवरचा

मी पण एका कंपनीत ऑपरेटर आहे, चाकणला. ताईंना प्रश्न. म्हणजे बँकेत मी पाच-पाच लाखांच्या तीन पावत्या केल्या तर पंधरा लाख सेफ ना? प्रत्येक पावतीला पाच?

ठेवपावती

नाही दादा. पाच लाख प्रत्येक माणसाला, प्रत्येक बँकेत. एकाच बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखा, सगळ्या पावत्या, बचत खातं, शिवाय त्यावरचं व्याज, सगळं मिळून पाच लाख. 4 फेब्रुवारी 2020 च्या आधी तर तो एकच लाख होता. पंधरा लाख असतील तर तीन वेगवेगळ्या बँका. आणि मुद्दल बरोबर पाच लाख ठेवलं तर व्याज विम्याबाहेर राहतं, म्हणून थोडं कमीच ठेवावं.

फ्लोअरवरचा

धन्यवाद ताई. पंधरा लाख नाहीयेत माझ्याकडे, फक्त समजून घेत होतो. माझ्याकडे साठ हजार आहेत. बहिणीचं लग्न पुढच्या वर्षीनंतरच्या मे महिन्यात, म्हणजे साधारण दीड वर्षानं. आलेख सरांचं वाचून वाटलं की बाजार पडला तरी नऊ महिन्यांत परत येतो. मग फंडात टाकू का, आणि कोणता फंड घेऊ? नाव सांगा प्लीज.

आलेख

मित्रा, मी ते नऊ महिने धोका दाखवायला सांगितले होते, खात्री म्हणून नाही. पहिल्या कागदाकडे पुन्हा बघ. 2008 ला पडलेला निर्देशांक 2007 अखेरच्या पातळीच्या वर वर्षअखेरीला टिकला तो थेट 2013 मध्ये. एकदा नऊ महिने लागले, एकदा सहा वर्षं. तिसऱ्या वेळी किती लागतील ते कुणीच सांगू शकत नाही, आणि बहिणीच्या लग्नाची तारीख बाजारासाठी पुढे ढकलता येत नाही. हे साठ हजार शेअर बाजाराच्या फंडात टाकू नकोस. फंडाचं नाव मी सांगणार नाही, कारण प्रश्न नावाचा नाहीच.

ठेवपावती

या साठ हजारांचं मी सांगते, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे.

साठ हजारांची एकच पावती करू नका. वीस-वीस हजारांच्या तीन करा. लग्नाआधी अडचण आली तर एकच पावती मोडायची, बाकीच्या दोन चालू राहतात. मोडल्यावर काय होतं तेही ऐका. समजा अठरा महिन्यांसाठी 7 टक्क्यांनी ठेवले आणि एक वर्षाने मोडले. बँक तुम्हाला 7 देत नाही. ठेवलं त्या दिवशी एक वर्षाचा दर साडेसहा असेल, तर तो धरते, आणि त्यातून बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का दंड कापते. म्हणजे हातात साडेपाच ते सहा टक्के. व्याज कमी झालं, पण वीस हजारांचे एकोणीस झाले नाहीत. दंड प्रत्येक बँकेचा वेगळा असतो, पावती करतानाच विचारा.

एक मात्र कटाक्षानं टाळा. कर वाचवणारी पाच वर्षांची पावती तुमच्या गळ्यात पडू देऊ नका. ती मधे मोडता येत नाही.

ठाणेकरीण

मी एचआरमध्ये आहे, अशी सत्रं मीही घेते. हिशेबनीस, तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही, पण सुरुवातीलाच 48,200 वाचायला माझा विरोध आहे. ज्यानं कधीच गुंतवणूक केलेली नाही, त्याच्या डोक्यात पहिला आकडा कायमचा बसतो. आमच्याकडे एका वक्त्यानं असंच केलं, आणि नंतर महिनाभर मुली मला सांगत होत्या की फंड म्हणजे जुगार. त्यातल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलींकडे पुढची तीस वर्षं आहेत. त्यांना फंडापासून दूर ठेवणं हेही नुकसानच.

दुसरं, बाहेरचा माणूस बोलावताना तो कोण आहे ते आधी विचारा. म्युच्युअल फंड वितरकाला रेग्युलर प्लॅनमध्ये कमिशन मिळतं, आणि ते तुमच्याच पैशातून, दर वर्षी, खर्चाच्या टक्क्यात जातं. डायरेक्ट प्लॅनमध्ये ते नसतं. वितरक वाईट असतो असं मी म्हणत नाही, अनेकांना कागदपत्रांत मदत लागतेच. पण त्याला सत्रात उभं करायचं असेल तर त्याने हे स्वतः मोठ्याने सांगावं.

आलेख

ठाणेकरीण, मी नेमका उलटा विचार करतो. पडझड कधीतरी येणारच. ती कँटीनमध्ये डबा खाताना ऐकलेली बरी की पहिल्यांदा स्वतःच्या मोबाईलवर बघितलेली? जो मुलगा 2008 ऐकून हात वर करतो, त्याला आज कळलं की आपण 48,200 ला काढणारा माणूस आहोत. ही माहिती त्याला दुसरीकडे कुठेही इतक्या स्वस्तात मिळणार नाही. त्यानं फंडात कमी टाकावं, उरलेलं एफडीत ठेवावं. त्याला फंड बंद, असं नाही.

ठाणेकरीण

हात वर करणाऱ्यानं पैसे खरे टाकलेले नसतात हो. कँटीनमध्ये हात वर करणं आणि खऱ्या पैशांबरोबर तसं वागणं यांत फरक आहे. दोन्ही बाजूंनी.

आलेख

हा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही.

सातपूरचा_हिशेबनीस

किती काय काय मिळालं! मनापासून आभार. आलेख, हप्त्यांचा हिशेब मी स्वतः करून पाहिला, जुळला. दुसऱ्या शिफ्टला एकरकमीच्या ऐवजी तोच वाचणार, कारण आमच्या मुलांकडे एक लाख एकदम कधीच नसतात, महिन्याला हजार-दोन हजार असतात. आणि हो, हप्त्याने टाकायचं तर एफडीच्या खुर्चीवर आरडी बसवायला हवी. हजाराच्या एसआयपीशेजारी लाखाची पावती ठेवण्यात अर्थ नाही.

माणदेशी ताई, तुमच्या आईंची हकिकत तुमची परवानगी असेल तरच सांगेन.

हिंजवडीकर, तुमच्या कराच्या मुद्द्यावर मात्र बोलायचंय, कारण हा गैरसमज आमच्या फ्लोअरवरही पोचलाय. तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर 7.19 टक्क्यांतून कर जाऊन पाचच्या आसपास उरतात, चार नव्हे. आमच्या मुलाचा पगार महिन्याला अठ्ठावीस हजार, वर्षाला 3,36,000. 2025-26 च्या नव्या कररचनेत चार लाखांपर्यंत करच नाही, आणि बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. एफडीचं व्याज त्या उत्पन्नातच मोजलं जातं. म्हणजे त्याला 7.19 चे 7.19 मिळतात. एका बँकेतलं वर्षाचं व्याज पन्नास हजारांच्या आत असेल तर टीडीएसही कापला जात नाही. तुमच्यासाठी बरोबर असलेला हिशेब त्याला लावला, तर तो करापायी एफडी मोडेल, आणि तो कर त्याला कधी लागणारच नव्हता.

हिंजवडीकर

हे डोक्यात आलं नव्हतं. आमच्या ऑफिसात सगळेच वरच्या टप्प्यात, तिथे ऐकलेलं मी इथे बोललो. पण महागाईचा मुद्दा तरी धरा. सव्वासात टक्के मिळाले आणि मुलाच्या शाळेची फी दर वर्षी दहाने वाढली, तर काय?

सातपूरचा_हिशेबनीस

धरतो. पंधरा-वीस वर्षांनी लागणाऱ्या पैशांसाठी तुमचा मुद्दा भक्कम आहे. तिथे एफडीच्या खुर्चीवरून माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

माणदेशी

परवानगी आहे. फक्त एक सांगा त्यांना, आईनं जास्त दर बघून ठेवले नव्हते. संस्थेचा माणूस दर आठवड्याला घरी येऊन पैसे न्यायचा, म्हणून ठेवले. बँक आठ किलोमीटरवर होती. मुलांच्या आयाही अशाच ठेवत असतील.

ठेवपावती

हे फार महत्त्वाचं बोललात. मग सत्रात हेही सांगा की आता आरडी फोनवरून चालू होते, हप्ता खात्यातून आपोआप जातो. घरी येणाऱ्या माणसाची सोय तिथे मिळते. आणि आईच्या नावाने करत असाल तर वारसाचं नाव पावतीवर छापून आलंय का ते बघा. फंडातही तसंच, नॉमिनी भरल्याशिवाय फॉर्म देऊ नका.

फ्लोअरवरचा

मी आज वीस-वीसच्या तीन पावत्या केल्या. दंड विचारला, आमच्या बँकेत एक टक्का म्हणाले. काउंटरवरच्या मॅडमनं एक पॉलिसी पण दाखवली, "एफडीसारखीच आहे, फक्त पाच वर्षं भरायचं". मी नाही म्हटलं, पण ते काय होतं?

ठेवपावती

बरं केलंत. "पाच वर्षं भरायचं" म्हणाल्या म्हणजे ती विमा पॉलिसी होती. एफडीत पैसे एकदाच ठेवायचे असतात, दर वर्षी भरायचे नसतात. पॉलिसी सुरुवातीच्या वर्षांत बंद केली तर भरलेल्यापेक्षा कमी हातात येतं. यापुढे कुणी "एफडीसारखी" म्हणालं, तर एकच विचारा: पावतीवर "मुदत ठेव" असं लिहून मिळेल का?

हिंजवडीकर

फ्लोअरवरचा, लग्न झाल्यावर महिन्याला हजार रुपये तरी इंडेक्स फंडात सुरू कर. हे मी अजूनही म्हणेन. तुझं वय काय?

फ्लोअरवरचा

चोवीस. हजार जमतील. पण मी हात वर करणाऱ्यांतला आहे हे मला माहीत आहे.

आलेख

मग पाचशेची एसआयपी आणि पाचशेची आरडी कर. पहिली मोठी पडझड आली की स्वतःला बघ. नाही काढलेस तर वाढव. एक लक्षात ठेव, फंडातून काढायचे झाले तर पैसे त्याच दिवशी येत नाहीत. दुपारी तीनच्या आत विनंती गेली तर त्या दिवशीचा भाव लागतो, आणि खात्यात यायला दोन-तीन कामाचे दिवस जातात. दवाखान्याचे पैसे तिथे ठेवायचे नाहीत.

सातपूरचा_हिशेबनीस

दुसऱ्या शिफ्टचं असं ठरवलंय. सुरुवातीला प्रत्येकानं कागदाच्या तुकड्यावर दोन गोष्टी लिहायच्या: हे पैसे कशासाठी आणि कोणत्या महिन्यात लागणार. मग हप्त्यांचे दोन्ही काळ वाचू, 2007 चा आणि 2014 चा. 2014 च्या काळात 23 मार्च 2020 ला थांबू आणि विचारू, की तुम्ही लिहिलेला महिना हा असता तर? त्यानंतरच डिसेंबर वाचू. पतसंस्था आणि पाच लाखांचा विमा शेवटी न ठेवता मध्ये घेतो, कारण शेवटची पाच मिनिटं भोंग्यात जातात.

कोणता काळ आधी, यावर आलेख आणि ठाणेकरीण, तुम्हा दोघांचं एकमत झालं नाही आणि माझंही ठरत नाही. पहिल्या शिफ्टनं 2007 आधी ऐकला होता. दुसऱ्या शिफ्टला 2014 आधी वाचतो.

ठाणेकरीण

चालेल. पण वर्षभरानं दोन्ही शिफ्टमध्ये किती जणांनी काय सुरू केलं आणि कितींनी मधेच बंद केलं, ते विचारून इथे लिहा. बंद केलेल्यांचं जास्त नीट विचारा.

आलेख

आणि कुणी 2014 ऐकून सगळे पैसे फंडात घातले तर वर्षभर वाट बघू नका, लगेच त्याचा कागद काढून महिना दाखवा.